सालगड्याच्या पगारातलं धान्य: महिन्याची खरी कमाई कशी काढायची?

आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. रोख रक्कम आणि वर्षाची ज्वारी-गहू असं मिळून बोलणं होतं. पण महिन्याला किती पडले हे विचारलं, की गडी नुसती रोखीच सांगतो. धान्याचा हिशोब राहून जातो.

हिशोबाआधी धान्य किलोत आणा. पायली हे मापाचं भांडं आहे, वजन नाही. एकाच पायलीत ज्वारी आणि गहू सारख्या वजनाचे बसत नाहीत, आणि पायलीही गावोगावी वेगळी असते. म्हणून एक पायली काट्यावर तोलून घ्या आणि तिने गुणा.

मग प्रश्न येतो भावाचा. मालक बहुधा मोंढ्यातला भाव धरतो, कारण त्याचा माल तिथं विकला जातो. गडी मात्र ते धान्य खातो. ते मिळालं नसतं तर त्याला दुकानातून घ्यावं लागलं असतं. म्हणून घरी खायच्या धान्याला जवळच्या बाजारातला किरकोळ भाव लावावा. 1948 च्या किमान वेतन कायद्याखालच्या केंद्राच्या नियमांतही हीच पद्धत दिलेली होती. भाव धान्य हातात पडलं त्या दिवसांतला आणि त्याच प्रतीचा घ्या. पावसात काळी पडलेली ज्वारी दिली असेल तर चांगल्या ज्वारीचा भाव लागणार नाही.

आता उदाहरण बघू. समजा साल 84 हजार रोख, 6 क्विंटल ज्वारी आणि 3 क्विंटल गहू असं ठरलं. दुकानात ज्वारी 36 रुपये आणि गहू 32 रुपये किलो आहे.

ज्वारी: 600 × 36 = 21,600 रुपये
गहू: 300 × 32 = 9,600 रुपये
धान्य एकूण: 31,200 रुपये, म्हणजे महिन्याला 2,600
रोख: महिन्याला 7,000
महिन्याची कमाई: 9,600 रुपये

धान्य सुगीत एकदाच मिळालं तरी ते वर्षाचं आहे, म्हणून 12 ने भागायचं. उचल वेगळी मिळवू नका, ती रोखीतलीच असते. खावटी म्हणून दिलेलं धान्य पुढं पगारातून कापणार असतील, तर तेही वरकड धरू नका.

हा हिशोब सगळ्यात जास्त कामी येतो तो मालक "यंदा धान्याऐवजी पैसे घे" म्हणतो तेव्हा. समजा त्याने मोंढ्याचा भाव लावला, ज्वारी 26 आणि गहू 25. तर 23,100 रुपये होतात. तेवढंच धान्य दुकानातून आणायला गड्याला 31,200 लागतील. म्हणजे वर्षाला 8,100 रुपयांची तूट. रोख घ्यायचीच असेल, तर किलो आणि भाव दोन्ही वहीत लिहून दोघांनी सही करावी.