'कर' प्रत्ययाचा अर्थ

आडनावाच्या अखेरीस 'कर' आला की त्यापूर्वीचा शब्द बहुधा एखाद्या गावाचे नाव असतो. परंतु हे आडनाव गावात राहून पडत नाही, गाव सुटल्यावर पडते, ही गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. नीरातीरीच्या होळ गावात सारेच होळकर. तेथे या नावाने कोणाची ओळख पटावी? मल्हारराव १६९३ साली जन्मले. वडील लवकर वारल्यामुळे आईने त्यांना खानदेशात तळोदे येथे आपल्या भावाकडे नेले. अशा परक्या मुलखातच 'होळकर' या नावाला अर्थ येतो. पुढे इंदूरच्या राजघराण्याने तेच मिरविले.

यावरूनच एक सावधगिरी सुचते. एका गावातून ब्राह्मण निघो, मराठा निघो वा सोनार निघो, तिघांनाही तेच आडनाव लागू शकते. तेव्हा आडनाव एक म्हणजे कुळ एक, असे समजू नये. शिवाय प्रत्यय लागताना ग्रामनाम झिजते. गोव्यातील मंगेशीवरून 'मंगेशकर' झाले, त्यात अंत्य 'ई' गळाली. असे झाले की एकाच आडनावावर दोन-तीन गावे हक्क सांगू लागतात. तो निवाडा केवळ शब्दावरून न करता कुलदैवत व जुनी वतनपत्रे पाहूनच करावा.