हिमनदीची माघार आणि कोरड्या हंगामातील नदीप्रवाह

उंच पर्वतावर वर्षानुवर्षे साचलेला आणि स्वतःच्या भाराने उताराकडे सावकाश सरकणारा बर्फाचा थर म्हणजे हिमनदी होय. वर पडणाऱ्या हिमापेक्षा वितळणारे बर्फ सतत अधिक राहिले की तो पातळ होतो आणि त्याचे टोक वर सरकते, यास हिमनदीची माघार म्हणतात. वऱ्हाडातील नद्या केवळ पावसावर जगतात, त्यामुळे अकोल्यासाठी काटेपूर्णा व अमरावतीसाठी ऊर्ध्व वर्धा धरणात पावसाळ्याचे पाणी साठवून उन्हाळा काढावा लागतो. हिमनदी हीच साठवण धरणाविना करते. मात्र धरण चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरते, आटत चाललेली हिमनदी भरत नाही.

माघारीच्या पहिल्या काळात नदीचे पाणी घटत नाही, उलट वाढते, आणि हीच गोष्ट खालच्या शेतकऱ्याची दिशाभूल करते. समजा, 10 चौरस किलोमीटरच्या हिमनदीवरून वर्षाला सरासरी 1 मीटर जाडीचे पाणी उतरते. म्हणजे नदीला 10 दलघमी मिळतात. तापमान वाढून वितळ दीड मीटर झाली आणि क्षेत्र 9 चौरस किलोमीटर उरले, तर साडेतेरा दलघमी मिळतात. पुढे वितळ 2 मीटरवर गेली तरी क्षेत्र 4 चौरस किलोमीटरवर आले असेल, तर हाती 8 दलघमीच येतात. ज्या वळणावर वाढ थांबून घट सुरू होते, त्यास येथे जलशिखर म्हटले आहे. तोवर वाढत्या पाण्याच्या भरवशावर नवे कालवे व नवी लागवड उभी राहिलेली असते.

पेरूमधील सांता नदीच्या खोऱ्यात हे वळण मोजले गेले आहे. कॉर्डिलेरा ब्लांका पर्वतरांगेतील हिमनद्या या नदीला पाणी पुरवतात. तिचे पाणी चाविमोचिक कालव्याने जवळजवळ पाऊस नसलेल्या किनारी वाळवंटातील शेतांना आणि त्रुहियो शहरालाही जाते. आपल्याकडील उन्हाळ्यासारखी टंचाई तेथे मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत येते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या खोऱ्यातील तपासलेल्या नऊ उपखोऱ्यांपैकी सातांनी जलशिखर बहुधा ओलांडले होते. पावसात तशी घट नसताना कोरड्या महिन्यांचा प्रवाह वर्षामागून वर्षे उतरत जाणे, ही त्याची खूण होय. हिमनद्या संपल्यावरही नदी सर्वस्वी आटणार नाही, कारण पाऊस व भूजल उरतेच. उपखोऱ्यागणिक वार्षिक प्रवाह 2 ते 30 टक्के घटेल असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि घटीचा मुख्य भार नेमक्या कोरड्या महिन्यांवर पडतो.

उरलेले पाणीही पूर्वीसारखे राहत नाही. बर्फ सरल्यावर उघड्या पडलेल्या खडकातील गंधकयुक्त खनिजे हवा व पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार करतात. याच रांगेतील पास्तोरुरी हिमनदीच्या परिसरात अशा आम्लयुक्त ओढ्यांतील दगडांवर लोहाचा तांबडा थर चढलेला दिसतो आणि ते पाणी जनावरांना पाजण्याजोगे किंवा पिकाला देण्याजोगे राहत नाही.