एका क्लिकमध्ये बुजलेलं लोणार

आजच्या भागाची सुरुवात लोणारपासून. जून 2020 आठवतोय? लॉकडाऊन होतं आणि लोणारचं पाणी गुलाबी झाल्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. पण लोणारचं पाणी मुळात इतकं खारट का? कारण त्याला बाहेर जायला वाटच नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं उल्केचं विवर आहे ते. पाणी आत येतं आणि त्याची वाफ होते. क्षार मात्र मागे राहतात.

आता हेच लोणार कॉम्प्युटरवर उघडा. उंचीचा फुकट मिळणारा डेटा डाउनलोड करा आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते काढायला सांगा. कुठलंही ट्युटोरियल पहिली पायरी तीच सांगेल: आधी ‘फिल सिंक्स’ चालवा. चालवलंत की विवर काठापर्यंत बुजतं. नकाशावर तिथे सपाट पटांगण दिसतं आणि पाणी काठाच्या सर्वांत खालच्या जागेवरून शेजारच्या ओढ्यात निघून जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नकाशा इतका नीटनेटका दिसत होता की विवर गायब झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खड्डे बुजवायची ही सवय आली कुठून, ती काय दुरुस्त करते आणि तिच्यानंतरही कोणत्या चुका उरतात, हे आज बघू.

आठ शेजारी

1984 मध्ये ओ’कॅलहॅन आणि मार्क यांनी एक अगदी सोपी पद्धत मांडली. जमिनीचा नकाशा चौकोनी घरांत विभागायचा आणि प्रत्येक घरात एक उंची लिहायची. प्रत्येक घराला आठ शेजारी असतात. त्यांतल्या ज्याच्याकडे उतार सर्वांत जास्त, त्याच्याकडे पाणी जाणार. हिला डी-8 म्हणतात आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हीच पद्धत आहे.

अडचण कुठे येते? आठही शेजारी आपल्यापेक्षा उंच असले की पाणी तिथेच अडकतं. हाच सिंक, म्हणजे खड्डा. डेटातल्या एका घराची उंची चुकून एक मीटर कमी नोंदली गेली, तरी वरून येणारी अख्खी नदी त्या घरात संपते.

1988 मध्ये जेन्सन आणि डोमिंग यांनी यावर तोडगा दिला. खड्ड्यातलं पाणी जिथून पहिल्यांदा बाहेर सांडेल त्या जागेच्या उंचीपर्यंत खड्डा भरून टाकायचा. त्यामागे एक गृहीतक होतं: नदीनाल्यांनी कोरलेल्या प्रदेशात खरे बंद खड्डे दुर्मिळ असतात, म्हणून डेटातला खड्डा बहुतेक वेळा चूकच असणार. गृहीतक वाजवी होतं. फक्त त्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती, ती म्हणजे चूक नेहमी ‘खाली’ होते. घराची उंची कमी नोंदली गेली, म्हणून ती वाढवायची.

मग 2000 साल आलं आणि चुकीची दिशाच बदलली.

अकरा दिवसांचा नकाशा

11 फेब्रुवारी 2000 रोजी एंडेव्हर यान वर गेलं. त्यात एक रडार होतं आणि दुसरा अँटेना 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला बाहेर काढलेला. आपले दोन डोळे जसा खोलीचा अंदाज घेतात, तसं दोन अँटेनांनी जमिनीची उंची मोजली. साधारण अकरा दिवसांत पृथ्वीच्या सुमारे 80 टक्के जमिनीचा नकाशा तयार झाला. या डेटाचं नाव एसआरटीएम. सुरुवातीला अमेरिकेबाहेरच्या लोकांना 90 मीटरची घरं मिळाली. 30 मीटरचा डेटा 2014 नंतर टप्प्याटप्प्याने खुला झाला.

या डेटात दोन वेगळी दुखणी होती. लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं दुखणं म्हणजे भोकं, ज्यांना व्हॉइड म्हणतात. रडार तिरकं बघतं, त्यामुळे खोल दरीच्या पलीकडची बाजू त्याच्या सावलीत राहते. कोरड्या वाळवंटी वाळूवरून लहर परतच येत नाही. अशा जागी उंचीच नसते आणि फाइलमध्ये `-32768` लिहिलेलं असतं. ही ‘माहिती नाही’ची खूण आहे हे सॉफ्टवेअरला सांगायला विसरलात, तर ते बत्तीस किलोमीटर खोल खड्डा समजून घेतं आणि इमानदारीत भरायला बसतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी भोकं, मग खड्डे.

भोक लहान असेल, दोन-चार घरांचं, तर कडेच्या उंचींवरून मधली उंची अंदाजाने काढली तरी चालतं:

```
gdal_fillnodata.py -md 5 srtm.tif bharlela.tif
```

इथे `5` म्हणजे जास्तीत जास्त किती घरं दूरची उंची वापरायची. हा आकडा मुद्दाम लहान ठेवायचा. हिमालयातलं भोक दोन किलोमीटर रुंद असेल, तर कडेवरून काढलेला अंदाज म्हणजे दोन टोकांना ताणून बांधलेली चादर. मधली दरी किंवा धार त्या चादरीखाली झाकून जाते. मोठ्या भोकात दुसऱ्या डेटातली उंची आणावी लागते. ती सरळ चिकटवली तर कडेला कृत्रिम कडा तयार होतो, कारण दोन डेटांच्या उंचीत काही मीटरचा फरक असतोच. म्हणून आधी भोकाच्या कडेवर दोघांतला फरक मोजतात, तो आतपर्यंत हळूहळू पसरवतात आणि मग दुसरी उंची तेवढी सरकवून बसवतात. यातून शिवण दिसेनाशी होते. पण दुसऱ्या डेटाची स्वतःची चूक आत तशीच राहते आणि आता ती कुठे आहे हे दिसतही नाही. म्हणून भोकं भरण्याआधीच त्यांचा वेगळा नकाशा जपून ठेवा.

भिंतीची शिक्षा खड्ड्याला

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. एसआरटीएमच्या मुख्य रडारची लहर 5.6 सेंटिमीटरची. ती दाट झाडीतून जमिनीपर्यंत पोहोचत नाही, वरच्या भागातूनच बरीचशी परतते. पूल, रस्त्याचे भराव, गावातली घरं हेही ‘जमीन’ म्हणून नोंदले जातात. म्हणजे इथली मोठी चूक खाली नाही, वर आहे.

एक हिशोब करून बघू. अरुंद दरीत एक ओढा आहे, दोन्ही काठ उंच. ओढ्यातल्या सलग घरांच्या खऱ्या उंची अशा: 412, 411, 410, 408, 407, 406, 405. सहाव्या घरात ओढ्यावर झाडी दाटली आहे आणि शेजारून रस्त्याचा भराव गेलाय, म्हणून डेटात 406 ऐवजी 414 आलं.

आता फिल चालवा. वरची पाच घरं 414 पर्यंत उचलली जातात. अनुक्रमे 2, 3, 4, 6 आणि 7 मीटर, म्हणजे एकूण 22 मीटरचा भराव. मजा बघा: ही पाचही घरं बरोबर होती! चुकलेलं घर एकच होतं, 414 वालं, आणि त्याला कुणी हातही लावला नाही. भिंतीच्या गुन्ह्याची शिक्षा खड्ड्याला झाली.

उलटा उपाय म्हणजे भिंत फोडणं, ब्रीचिंग. 414 चं 406 करायचं. एकच घर बदललं आणि काम झालं. लिंडसे आणि क्रीड यांनी 2005 मध्ये हाच विचार मांडला: दर खड्ड्यागणिक भरणं आणि फोडणं यांतल्या ज्या उपायाने मूळ डेटा कमी बदलतो, तो निवडायचा. 2008 मध्ये आलेल्या हायड्रोशेड्स या जागतिक डेटात एसआरटीएमवर खड्डे भरण्याबरोबर अडथळे फोडणं, माहीत असलेल्या नद्या कोरून बसवणं आणि हाताने केलेल्या दुरुस्त्या असं सगळं वापरलं. शिवाय ज्यांना खरोखर बाहेर वाट नाही अशा खोऱ्यांत त्यांनी मुद्दाम खूण ठेवली, की पाणी इथे संपतं. लोणारलाही हाच न्याय लावायला हवा. फिल करण्याआधी सरोवराच्या मधल्या एका घराला ‘माहिती नाही’ करा. मग बहुतेक सॉफ्टवेअर ती पाण्याची शेवटची जागा मानतं आणि विवर वाचतं. मात्र हे भोकं भरून झाल्यावर करा, नाहीतर ते घरही भरलं जाईल.

नंतर काय उरतं

फिल किंवा ब्रीच झालं की खड्डा एकही उरत नाही. चुका उरतात. तीन सांगते.

एक, सपाट पट्टे. मूळ एसआरटीएममध्ये उंची पूर्ण मीटरमध्ये आहे. नदीचा उतार किलोमीटरला एक मीटर असेल, तर 30 मीटरच्या साधारण 33 घरांची उंची एकच येते. भरलेला प्रत्येक खड्डाही सपाटच. तिथे दिशा ठरवायला प्रोग्राम नगण्य उतार स्वतः रचतो. ओळखायचं कसं? नकाशावर एकमेकांना समांतर, पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेघा दिसल्या की समजा, तो ओढा प्रोग्रामने काढलाय.

दोन, झाडांची उंची. खड्डा नसलेल्या उतारावर जंगल असेल तर फिल तिकडे बघतही नाही. पण रानाच्या कडेला पायरी तयार होते, उतार चुकतो, आणि सपाट भागात पाणलोटाची सीमा सरकते. 2017 च्या मेरिट डेटात यामाझाकी आणि सहकाऱ्यांनी झाडांची उंची, पट्ट्यांसारखा दोष आणि बारीक गोंगाट वेगवेगळे वजा केले. तो वापरल्याने बरंच सुधारतं, पण झाडांची उंची हा शेवटी अंदाजच असतो.

तीन, तारीख. हा फेब्रुवारी 2000 चा फोटो आहे. नंतर बांधलेलं धरण, खोदलेली खाण, केलेला भराव यात नाही. ही चूक कुठल्याच अल्गोरिदमने जात नाही, कारण डेटाच्या दृष्टीने ती चूक नाहीच.

मग करायचं काय? एक सवय लावून घ्या. भरलेल्यातून मूळ वजा करा:

```
gdal_calc.py -A filled.tif -B bharlela.tif --calc="A-B" --outfile=farak.tif
```

`bharlela.tif` म्हणजे भोकं भरल्यानंतरची, पण खड्डे भरण्याआधीची फाइल. `farak.tif` मध्ये जिथे एक-दोन मीटर दिसतं तिथे बहुधा गोंगाट होता, सोडून द्या. जिथे पाच-सात मीटरचा लांबट डाग ओढ्याच्या बाजूने पसरलाय, तिथे खालच्या टोकाला भिंत शोधा: पूल, भराव, झाडी. उपग्रहाच्या फोटोत ती बहुतेक वेळा सापडते. आणि जिथे मोठा, गोल, खोल डाग आहे, तिथे थांबा. ती खाण असेल, तलाव असेल. बुलढाणा जिल्ह्यात असाल तर कदाचित लोणार असेल.

छोट्या मोरीचा पाइप किती रुंद हवा हे वरच्या पाणलोटाच्या क्षेत्रावरून ठरवतात. विवराचा आतला भाग चुकून शेजारच्या ओढ्याला जोडला गेला, तर जे पाणी तिथे कधी येणारच नाही त्याच्यासाठी पाइप टाकला जाईल. आणि सपाट भागात सीमा उलटी सरकली, तर येणाऱ्या पाण्यासाठी पाइप अपुरा पडेल. म्हणून पुढच्या वेळी फिल चालवलंत की `farak.tif` आधी उघडा, नद्या मग काढा. भेटू पुढच्या भागात.