लहान चॅनेलची प्रेक्षकगणना (वसई-विरार)

यूट्यूबवर मोजकाच प्रेक्षक असलेल्या चॅनेलना `YouTube Studio` मध्ये दिसणारे प्रेक्षकांचे आकडे व त्यांची विश्वासार्हता. एकूण व्ह्यूज आणि पाहण्याचा वेळ यांत लॉग-इन न केलेले प्रेक्षकही धरले जातात. वय व लिंग यांची टक्केवारी मात्र लॉग-इन केलेल्यांवरूनच निघते.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या गावांत सामवेदी ऊर्फ कादोडी बोली बोलतात. या बोलीतल्या चॅनेलचा प्रेक्षक मुळातच थोडा. त्यातही घरचा टीव्ही अनेकदा कोणाच्याही खात्याशिवाय चालतो, आणि आईच्या मोबाइलवर मुलाचे जीमेल टाकलेले असले तर आईने पाहिलेले गाणे मुलाच्या वयात आणि लिंगात जमा होते.

नमुन्यादाखल, लग्नगीतांच्या चॅनेलला महिन्यात १,००० व्ह्यूज मिळाले, पैकी ६०० लॉग-इन केलेल्यांचे, आणि पडद्यावर ‘पुरुष ७० टक्के’ असे दिसते, असे धरू. हे झाले ४२० व्ह्यूज. उरलेले ४०० सगळे बायकांचे असतील तर पुरुषांचा खरा वाटा ४२ टक्के, सगळे पुरुषांचे असतील तर ८२ टक्के. एवढ्या फरकावर ‘आपले प्रेक्षक पुरुषच’ असा निष्कर्ष टिकत नाही. शिवाय ६०० हा आकडा स्टुडिओ सांगत नाही, म्हणून चूक किती हे चॅनेलवाल्याला मोजताही येत नाही. टीव्हीच्या प्रेक्षकमापनात घरे आखून निवडतात. इथे नमुना आपोआप पडतो, आणि लॉग-इन न करणारा वर्ग त्यातून सरसकट गळतो. व्ह्यूज वाढले तरी हा कल जात नाही.

संख्या फार लहान असली की गोपनीयतेसाठी वय-लिंगाचा तक्ता अपुरा किंवा रिकामा येतो. याचा अर्थ प्रेक्षक नाहीत असा नव्हे. `Unique viewers` हाही अंदाज असतो. सदस्याने लॉग-इन न करता पाहिले तर ते व्ह्यूज ‘सदस्य नसलेल्यां’त जातात, म्हणून सदस्यांचा दिसणारा वाटा किमान समजावा.

पडताळणी : `Advanced mode` मध्ये शहरनिहाय ओळींची बेरीज एकूण व्ह्यूजशी ताडून पाहावी, तूट मोठी असेल तर त्या तक्त्यावरून टक्केवारी काढू नये. शहर मुख्यतः इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून ठरत असल्याने वसईचा प्रेक्षक मुंबईत दिसू शकतो.

शॉर्ट्स : ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू होताच व्ह्यू धरला जातो, आधीच्या आकड्यांशी थेट तुलना होत नाही.