कॅटालेझ प्रयोग : यकृत आणि बटाटा

हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन घडवणाऱ्या कॅटालेझ या विकराची क्रियाशीलता बाहेर पडणाऱ्या वायूच्या आकारमानावरून मोजण्याचा प्रयोग. अभिक्रिया अशी : 2H2O2 → 2H2O + O2.

समान वजनाचा ताजा यकृताचा व बटाट्याचा लगदा वेगवेगळ्या शंकुपात्रांत घेऊन घट्ट बुचातून सिरिंजने ५ मिली, ३ टक्के पेरॉक्साइड सोडतात. वायू पाण्यात उपड्या धरलेल्या मोजनळीत जमा होतो. नोंदवहीत बहुधा एकूण वायूची तुलना लिहिली जाते. ती निरर्थक आहे. ५ मिली द्रावणातून सुमारे ५० मिलीच ऑक्सिजन मिळू शकतो. पुरेसा वेळ दिला आणि विकर टिकून राहिले, तर दोन्ही ऊती तिथेच पोहोचतात. फरक असतो तो सुरुवातीच्या वेगात.

समजा, यकृताने १० सेकंदांत २५ मिली आणि बटाट्याने ३० सेकंदांत ११ मिली वायू दाखवला. सोडलेले ५ मिली द्रव तेवढीच हवा बाहेर ढकलते, म्हणून ते वजा करावे. मग वेग अनुक्रमे सेकंदाला २ आणि ०.२ मिली ठरतो. ही वजाबाकी उकळलेल्या ऊतीच्या नियंत्रण प्रयोगातून पडताळता येते. यकृताचा फेस नळीत चढला, तर वाचन टाकून द्यावे व लगदा पातळ करून पुन्हा घ्यावे.

निष्कर्ष ‘प्रतिग्रॅम ऊती’ असाच लिहावा. यकृताचे कॅटालेझ बटाट्याच्या कॅटालेझपेक्षा जलद आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. यकृतात ते केवळ अधिक प्रमाणात असू शकते.