मृत्यू दाखल्यावर एक नाव, पॉलिसीवर दुसरे: विम्याचा दावा कसा पुढे न्यायचा

घरातल्या माणसाचा इंतकाल होतो. दफनविधी आटोपतो, महिनाभराने मृत्यू दाखला हातात येतो आणि घरचे पॉलिसीचे कागद घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जातात. तिथे काउंटरवरून उत्तर मिळते, "नाव जुळत नाही, आधी दुरुस्त करून आणा." बहुतेक घरांत काम इथेच अडकते. काय दुरुस्त करायचे, कुठे करायचे, हे कुणी सांगत नाही. एजंट म्हणतो गॅझेट करा, कुणी म्हणते कोर्टात जा. यातले बरेच सल्ले चुकीचे असतात.

नाव जुळत नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही. कंपनीला एवढीच खात्री हवी असते की जिचा विमा उतरवला होता तीच व्यक्ती मरण पावली आहे. म्हणजे प्रश्न ओळखीचा आहे, आणि ओळख कागदांनी सिद्ध करता येते.

आपल्या नावांत फरक का पडतो

मराठवाडा-विदर्भात 'शेख रहीम शेख करीम' असे नाव लिहायची पद्धत आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात तेच नाव 'रहीम करीम शेख' होते, कारण तिथल्या फॉर्मवर आधी नाव, मग वडिलांचे नाव, मग आडनाव असे रकाने असतात. 'अब्दुल' कुठे लागतो, कुठे गळतो. 'मोहम्मद' कुठे 'महंमद', कुठे नुसता 'मो.' होतो. बायकांच्या नावापुढे 'बी', 'बेगम', 'बानो', 'खातून' यांपैकी काहीही येऊ शकते. त्यात उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. म्हणून उर्दू कागद वाचून मराठीत किंवा इंग्रजीत नाव उतरवणारा प्रत्येक जण ते आपापल्या पद्धतीने लिहितो.

दवाखान्यात तर वेगळीच गंमत. माणसाला ॲडमिट करताना सोबतचा शेजारी किंवा भाचा जे नाव सांगतो ते केस पेपरवर चढते. मृत्यू दवाखान्यात झाला तर नोंदणीसाठीची माहिती दवाखानाच निबंधकाकडे पाठवतो. मग केस पेपरवरचे नाव थेट दाखल्यावर येते.

आधी ठरवा: चूक की फरक?

सगळे काम या एका प्रश्नावर उभे आहे. मरहूम व्यक्तीचे आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, मतदार कार्ड, बँक पासबुक असे सगळे कागद एकत्र ठेवा आणि बघा. मृत्यू दाखल्यावरचे नाव या कुठल्याच कागदात नसेल, तर दाखल्यात चूक आहे. तो दुरुस्त करावा लागेल. दाखल्यावरचे नाव बरोबर आहे, पण पॉलिसीवर त्याच नावाचे छोटे किंवा उलटसुलट रूप आहे, तर तो फरक आहे. तिथे दाखल्याला हात लावायचा नाही, दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे दाखवायचे.

पॉलिसीवरचे नाव आता बदलता येत नाही. ज्याच्याशी करार झाला तो माणूसच राहिला नाही. गॅझेटचाही इथे उपयोग नाही, कारण राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज हयात माणूस स्वतःसाठी करतो. मरहूम व्यक्तीच्या नावाने तो करता येत नाही.

आणखी एक मोह टाळा. पॉलिसीवर अर्धवट नाव आहे म्हणून दाखल्यावरचे बरोबर नाव तसे अर्धवट करून घेऊ नका. हाच दाखला पुढे बँकेत, पेन्शनला, सातबाऱ्यावर वारस लावायला लागतो. विम्याचे काम होईल आणि बाकीची चार कामे अडतील.

एक उदाहरण

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका गावचे गृहस्थ छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले. (नावे नमुन्यादाखल घेतली आहेत.) त्यांच्या कागदांवर अशी नावे आहेत:

- आधार आणि शाळेचा दाखला: शेख अब्दुल रहीम शेख करीम
- पॉलिसी, 2009 साली काढलेली: शेख रहीम शेख करीम
- मृत्यू दाखला: रहमान करीम शेख

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रहमान' ही सरळ चूक आहे. पॉलिसीत 'अब्दुल' नसणे हा फरक आहे. दोन्हींवर उपाय वेगळा.

पहिले काम: दाखल्याची दुरुस्ती. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणून या घरच्यांनी गावच्या ग्रामपंचायतीत खेपा घालून उपयोग नाही. संभाजीनगर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातच जावे लागेल. मृत्यू गावात घरी झाला असता तर ग्रामपंचायतीत काम झाले असते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार निबंधकाला नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. कोर्टाचा हुकूम दर वेळी लागत नाही. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. लेखनाची चूक असेल तर काम सोपे असते. 'रहमान'चे 'रहीम' करण्यासारखी मूळ माहितीतली चूक असेल तर, चूक काय आणि खरी माहिती काय, हे सांगणारे दोन विश्वासार्ह माणसांचे घोषणापत्र लागते. ही माणसे मरहूमला खरोखर ओळखणारी असावीत. सोबत आधार, शाळेचा दाखला आणि अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र लावा.

मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर आधी दवाखान्याकडून पत्र घ्या. 'आमच्या नोंदीत नाव चुकीचे लिहिले गेले, बरोबर नाव असे आहे' एवढा मजकूर आणि शिक्का पुरतो. हे पत्र नसेल तर निबंधक बहुतेक वेळा परत पाठवतात, कारण त्यांच्या फाइलमध्ये दवाखान्याने पाठवलेलीच माहिती असते. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका.

दुरुस्ती करून घ्यायची ती आधार आणि शाळेच्या दाखल्याप्रमाणे, म्हणजे 'शेख अब्दुल रहीम शेख करीम'.

दुसरे काम: 'एकच व्यक्ती' प्रतिज्ञापत्र. दाखला दुरुस्त झाल्यावरही पॉलिसीशी 'अब्दुल'चा फरक राहतोच. त्यासाठी नॉमिनीने नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचे. कंपनीचा स्वतःचा नमुना असेल तर तोच वापरा. मजकूर साधारण असा:

"माझे मरहूम पती यांचे नाव आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला व मृत्यू प्रमाणपत्र यांवर 'शेख अब्दुल रहीम शेख करीम' असे असून पॉलिसी क्रमांक अमुक यावर 'शेख रहीम शेख करीम' असे आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्यांची जन्मतारीख, वडिलांचे नाव व पत्ता खालीलप्रमाणे आहे."

नोटरीकडे छापील नमुना असतो, त्यात नुसते 'नावात किरकोळ फरक आहे' असे लिहिलेले असते. ते चालवून घेऊ नका. प्रत्येक नाव कुठल्या कागदावर आहे ते अक्षरन् अक्षर लिहा. इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळे असेल तर तेही सगळे लिहा. एखादे रूप राहून गेले की कंपनी पुन्हा तेवढ्यासाठी परत पाठवते.

प्रतिज्ञापत्राला आधार कशाचा?

प्रतिज्ञापत्र म्हणजे नॉमिनीचे म्हणणे. त्याला जोर येतो जुन्या कागदांनी. मृत्यूच्या आधीचे, शक्यतो पॉलिसीच्याही आधीचे कागद सगळ्यात भक्कम. शाळेचा निर्गम उतारा या कामी फार उपयोगी पडतो. शाळा बंद झाली नसेल तर तो आजही मिळतो.

पॉलिसीच्या बाँडसोबत प्रस्ताव फॉर्मची प्रत असेल तर नीट वाचा. त्यात वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता, नॉमिनीचे नाव असते. नावात फरक आहे, पण या चार गोष्टी जुळतात, हे कंपनीला दाखवून द्या. हप्ता बँक खात्यातून जात असेल तर ते पासबुकही जोडा. त्या खात्यातून त्या पॉलिसीचा हप्ता वर्षानुवर्षे गेला, हा ओळखीचा चांगला पुरावा आहे.

निकाहनामा किंवा शाळेचा कागद उर्दूत असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या आणि मूळ कागदाच्या प्रतीसोबत लावा.

नॉमिनीचे नाव जुळत नसेल तर

पॉलिसीत 'नसीम बी शेख उस्मान' असे माहेरचे नाव आणि आधारवर नवऱ्याचे नाव, हे तर सर्रास असते. नॉमिनी हयात आहे, त्यामुळे मार्ग मोकळे आहेत. निकाहनामा आणि तिचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते. गरज पडलीच तर तिला गॅझेटही करता येते. बँक खात्यावरचे नाव आधारप्रमाणे आहे ना, तेवढे आधी बघून घ्या, कारण पैसे खात्यातच येतात.

दावा थांबवून ठेवू नका

दाखला दुरुस्त होईपर्यंत घरी बसायची गरज नाही. मृत्यूची सूचना कंपनीला लगेच लेखी द्या. त्यात पॉलिसी क्रमांक लिहा आणि 'दाखल्यातील नावाची दुरुस्ती सुरू आहे' असे स्पष्ट कळवा. अर्जाच्या पोचीची प्रत जोडा. काउंटरवर तोंडी "चालणार नाही" म्हणाले तर कोणते कागद हवेत ते लेखी मागा.

कुठे अडचण मोठी होते

पॉलिसी घेऊन तीन वर्षे झाली नसतील तर कंपनी चौकशी करते आणि नावाच्या फरकाकडे जास्त बारकाईने बघते. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या कलम 45 मुळे पॉलिसीच्या खरेपणावर कंपनीला शंका घेता येत नाही. पण मरण पावलेली व्यक्ती तीच, हे दाखवण्याची जबाबदारी तेव्हाही आपलीच असते. नावासोबत जन्मतारीखही पाच-सात वर्षांनी वेगळी असेल तर प्रतिज्ञापत्रात तिचाही खुलासा करा. ती लपवली तर शंका वाढते.

आणि पॉलिसी खरोखर दुसऱ्याच्या, म्हणजे भावाच्या किंवा चुलत्याच्या नावाची असेल, तर कुठलेही प्रतिज्ञापत्र ती मरहूमची करू शकत नाही. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, करणाऱ्यावरही आणि खोटी साक्ष देणाऱ्यावरही.

कंपनीने तरी नाकारले तर

नकार लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. विमा नियामकाच्या 155255 या मोफत क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे लागते, आणि तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात सुरू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. सोबत सगळ्या पोच, दुरुस्त दाखला, प्रतिज्ञापत्र आणि जुने कागद तारखेच्या क्रमाने लावलेले असू द्या.