पाळी बदलण्याचा अधिकार: एका नोटिशीचा मागोवा

सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत मागण्यांचा अर्ज मांडला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला थांबावं, अशा त्यातल्या पहिल्या तीनही मागण्या वेळेच्या होत्या. पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, ही मागणी त्यांच्यानंतर येते. मुंबईच्या कामगाराने संघटितपणे मालकाशी बोलायला सुरुवात केली तीच घड्याळावरून, आणि आजही कारखान्यातला कडवा वाद बहुधा तिथेच पेटतो. ‘सोमवारपासून तीन फिरत्या पाळ्या’ असा कागद फलकावर लागतो आणि कामगार विचारतो: आम्हाला न विचारता हे करता येतं का?

लोखंड्यांच्या काळात पाळी हा प्रश्नच नव्हता. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एकच लांबलचक दिवस असे. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, पण पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्यावर सरकारने टप्प्याटप्प्याने बंधन घातलं. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये ११ आणि १९३४ मध्ये १० तास ठरले. माणसाचे तास कमी झाले, पण यंत्र थांबवणं मालकाला परवडणारं नव्हतं. मग एकाच यंत्रावर दोन माणसं, एकामागून एक. पाळी रुजली ती अशी: कामगाराला संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या सावलीत. म्हणूनच कामाचे तास किती, यावर कायदा सुरुवातीपासून बोलत आला, पण ते तास दिवसाच्या कोणत्या भागात पडावेत, याबाबत तो बराच काळ गप्प राहिला.

ते मौन मुंबईत पहिल्यांदा मोडलं १९३८ मध्ये. त्या वर्षीचा मुंबई औद्योगिक विवाद कायदा कामगारांना ‘काळा कायदा’ म्हणूनच आठवतो. संपाआधी लांबलचक समेट प्रक्रिया सक्तीची केल्यामुळे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याविरुद्ध संप केला. तो राग रास्त होता. पण त्याच कायद्याने मालकाचेही हात थोडे बांधले होते. परिशिष्टात दिलेल्या बाबींत बदल करायचा असेल तर त्याने आधी नोटीस द्यायची होती. ‘बदलाची नोटीस’ ही कल्पना तिथली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ती पुढे नेली, पण नोटीस जायची ती मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेकडे. गिरणगावात ही संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. संघाने मान्य केलं की सगळ्या कामगारांनी मान्य केलं, असं कायदा धरत असे. पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याची स्वतःची संमती कोणी विचारलीच नाही. हा कायदा रद्द करा, ही मागणी १९८२ च्या संपात पुढे आली, त्यामागे या अनुभवाचाही भाग होता.

देशभरासाठी ही तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात आली आणि मार्च १९५७ पासून लागू झाली. तेच कलम ९-अ. चौथ्या परिशिष्टातल्या बाबींत बदल करायचा तर मालकाने ठरलेल्या नमुन्यात लेखी नोटीस द्यायची आणि २१ दिवस बदल अमलात आणायचा नाही. परिशिष्टात चौथी बाब आहे कामाचे तास आणि विश्रांतीची. आठवी आहे चालत आलेली सवलत काढून घेण्याची किंवा रूढ प्रथा बदलण्याची. आणि सहावी थेट पाळीची: पाळीकाम सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं, ‘स्थायी आदेशांना धरून नसेल तर’.

या कलमात संमती शब्द कुठेही नाही. कामगार ‘नाही’ म्हणाला म्हणून बदल अडत नाही. त्याला मिळतात ते २१ दिवस. मात्र त्या दिवसांचं मोल कमी लेखू नये. तेवढ्यात संघटना हरकत घेऊ शकते, समेट अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. प्रकरण समेटात दाखल झालं की कलम ३३ लागू होतं, आणि त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या तोट्याने बदलायला मालकाला लेखी परवानगी लागते. म्हणजे नोटीस हा नुसता निरोप राहत नाही, वाटाघाटीला भाग पाडणारी वेळ होते. १९७२ मध्ये टाटा स्टीलच्या कोळसा खाणींतल्या कामगारांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस रविवारवरून हलवल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा न्यायालयाने या कलमाचा हेतू हाच सांगितला: बदलाचा परिणाम काय होईल याचा विचार करायला आणि आपली बाजू मांडायला कामगाराला संधी मिळावी.

त्याहून बोलकं आहे नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीचं १९६० चं प्रकरण. बंगालमधल्या या तागगिरणीने कामाच्या फेरआखणीची नोटीस रीतसर दिली होती. संघटनेने हरकत घेतली आणि डिसेंबर १९५७ मध्ये सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे सोपवला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत गिरणीने योजना लागू केली. कामगारांनी वाढीव काम नाकारलं, कंपनीने टाळेबंदी केली. कंपनीचं म्हणणं होतं की बदल नोटीस दिली तेव्हाच झाला, म्हणजे वाद सोपवण्याआधी. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. बदल नोटिशीच्या कागदावर होत नाही, नवी पद्धत प्रत्यक्ष सुरू होते त्या दिवशी होतो. त्या दिवशी वाद न्यायाधिकरणापुढे होता आणि परवानगी घेतलेली नव्हती. कामगारांचा नकार योग्य ठरला आणि टाळेबंदीच्या दिवसांचा पगार त्यांना मिळाला.

पाळीच्या प्रकरणांत मात्र कामगार बहुतेक वेळा हरतो तो सहाव्या बाबीच्या शेपटातल्या पाच शब्दांवर: स्थायी आदेशांना धरून नसेल तर. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यानुसार मोठ्या कारखान्याला आपले सेवानियम प्रमाणित करून घ्यावे लागत. केंद्राची मर्यादा १०० कामगारांची होती, महाराष्ट्राने ती ५० वर आणली. पण केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांतच असं लिहिलेलं होतं की मालक आपल्या मर्जीनुसार एकाहून अधिक पाळ्या चालवू शकतो आणि कामगाराला एका पाळीतून दुसऱ्या पाळीत हलवता येतं. पाळी बंद करायची असेल तर मात्र आगाऊ नोटीस हवी. पाळी बंद झाली की माणसं कमी होतात, म्हणून तिथे काळजी घेतली. पाळी फिरली की माणसाची झोप, जेवण आणि घर फिरतं. त्याची काळजी मात्र कोणी घेतली नाही. पहिल्या पाळीतल्या माणसाला दुसऱ्या पाळीत टाकणं हा म्हणूनच व्यवस्थापनाचा रोजचा अधिकार मानला जातो, आणि त्यासाठी कलम ९-अ ची नोटीस लागत नसे.

१९४८ चा कारखाने कायदा वाचताना मला हे आणखी खटकतं. फिरत्या पाळीचा त्रास कायद्याला कळत होता. मुलांची पाळी ३० दिवसांत एकदाच बदलता येईल, असं त्यात लिहिलं. स्त्रियांची पाळी सुट्टीच्या दिवसानंतरच बदलावी, असंही लिहिलं. प्रौढ पुरुषासाठी मात्र कामाच्या वेळांचा फलक लावा, बदल करण्याआधी निरीक्षकाला कळवा आणि निरीक्षकाच्या परवानगीशिवाय आठवड्यात दुसऱ्यांदा बदलू नका, एवढंच. संमती हा शब्द पाळीच्या आसपास अलीकडे दिसू लागला, तोही रात्रीपुरता आणि स्त्रियांपुरता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही रात्रीच्या कामासाठी ती अट आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कलम ९-अ ची जागा आता तिच्या कलम ४० ने घेतली आहे. २१ दिवस तेच, परिशिष्टही जवळपास तेच. पण नोटीस न लागण्याच्या यादीत एक नवी नोंद आली, आणि ती नेमकी पाळीची आहे: तातडीच्या परिस्थितीत पाळी बदलावी लागली तर तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून नोटिशीशिवाय बदल करता येईल. या समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ती असायलाच हवी. पण तातडीची परिस्थिती म्हणजे काय, हे संहिता सांगत नाही, आणि सल्लामसलत म्हणजे मंजुरी नव्हे. मोठी ऑर्डर आली, ही तातडी आहे का? माझ्या मते नाही. आग, पूर, वीज जाणं ही तातडी. ऑर्डर हा धंद्याचा नेहमीचा भाग.

आता चाकणचा एक काल्पनिक कारखाना घेऊ. १२० कामगार, वर्षानुवर्षं साडेआठ ते पाच अशी जनरल शिफ्ट. शनिवारी फलकावर कागद लागतो: सोमवारपासून सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात, दर आठवड्याला फिरती. पहिला प्रश्न, कारखान्याला स्थायी आदेश लागू आहेत का. जुन्या कायद्यात १२० च्या कारखान्याला ते लागू होते, आणि त्यात पाळीची मुभा असेल तर सहाव्या बाबीचा आधार निसटतो. मग उरतात चौथी आणि आठवी बाब. चौथीवर मालक म्हणेल की तास आठच आहेत, ते फक्त सरकले. कामगार म्हणेल की कामाचे तास म्हणजे बेरीज नव्हे, दिवसातली जागाही. मला दुसरं वाचन बरोबर वाटतं, पण त्यावर निकाल जिंकण्याची खात्री देता येत नाही. आठवीसाठी ही वेळ किती वर्षं अखंड चालली, हे हजेरीपत्रकांनी आणि जुन्या फलकांनी दाखवावं लागतं.

नव्या संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा ३०० वर गेली आहे. म्हणजे हाच कारखाना त्यातून बाहेर पडतो. कामगारांना हे नुकसानच वाटतं आणि शिस्तभंग, बडतर्फी अशा बाबतींत ते खरंही आहे. पण पाळीपुरतं उलटही म्हणता येईल: जिथे स्थायी आदेश नाहीत तिथे ‘त्यांना धरून’ पाळी सुरू केली हा मालकाचा बचावही उरत नाही, म्हणून २१ दिवसांची नोटीस हवीच. हा मुद्दा कामगार संघटनांनी नेटाने मांडायला हवा.

त्या सोमवारी घरी बसणं मात्र धोक्याचं. बदल बेकायदा ठरेपर्यंत गैरहजेरीची कारवाई होऊन गेलेली असते. नव्या पाळीवर जायचं, हरकत लेखी द्यायची, तिची पोच घ्यायची, फलकावरच्या कागदाचा तारखेसह फोटो ठेवायचा आणि त्याच आठवड्यात सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी अर्ज करायचा. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखालीही असे वाद औद्योगिक न्यायालयात नेले गेले. त्याला बळ मिळालं ते मुंबईच्या एस. जी. केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घेतलेल्या भूमिकेतून: कायद्याने घातलेली अट ही मालक-कामगार करारात अध्याहृत असते, ती मोडणं म्हणजे करार मोडणं. तो वाद कार्यालय बंद करण्याचा होता, पाळीचा नव्हता, पण नोटिशीशिवाय पाळी फिरवणाऱ्या मालकाविरुद्ध तोच तर्क मांडता येतो.